तीनाच्या वर थोडं

दोन हजार एकोणीस साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि सातपूरच्या एका गाळ्यात वायरमन म्हणून बसत होतो. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं लग्नाच्या मांडवांत शिकलो, भोंगे आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत. त्यामुळे कुणी मला शिकवायला आलं की माझी मान आपोआप ताठ होते. अजूनही होते.

गाळ्यात आम्ही तिघं. शेठ, मी आणि टेस्टिंगची ताई. कॉलेजातल्या पोरांना प्रॅक्टिकलला लागतात त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या किट आम्ही बनवायचो. वर सर्किटचं चित्र छापलेलं, खाली माझी वायरिंग. शेठ कॉलेजं फिरून ऑर्डर आणायचे. ताई डिप्लोमा झालेली, सायखेड्याहून रोज एसटीने यायची. घरचे तिला म्हणत होते की एवढा प्रवास कशाला, गावातच काहीतरी बघ. ती दाद देत नव्हती. शेठने सांगून ठेवलं होतं की एका पॉलिटेक्निकची ऑसिलेटरची ऑर्डर नीट पार पडली, तर तिला कायम करून टेस्टिंग सगळं तिच्याकडे देतो. तोवर ती हंगामीच.

हा ऑसिलेटर म्हणजे काय, ते मी माझ्या भाषेत सांगतो. मांडवात माइक भोंग्यासमोर गेला की शिट्टी वाजते. भोंग्यातला आवाज माइकमध्ये जातो, तिथून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, तो मोठा होऊन पुन्हा भोंग्यातून बाहेर, आणि हे चक्र चालूच राहतं. आमची किट म्हणजे तीच शिट्टी, फक्त वळण लावलेली. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाहेरून आलेला सिग्नल दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटरच्या पुलावरून परत आत सोडायचा. एक रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी ओळीत, दुसरी शेजारी शेजारी. हा पूल एकच स्वर सरळ जाऊ देतो. बाकीचे स्वर आत पोचेस्तोवर मागेपुढे सरकलेले असतात, त्यांचं चक्र जमत नाही. दहा केचे रेझिस्टर आणि पॉइंट झिरो वनचे कपॅसिटर घातले की सेकंदाला सोळाशेच्या आसपास हेलकावे. कपॅसिटर दहापट मोठे घातले की एकशे साठ. ताई त्याला एक भागिले दोन पाय आर सी म्हणायची. मी कानाने ओळखायचो.

पण सरळ जाणारा तो स्वरसुद्धा पुलावर झिजतो. तीन भाग सोडले तर एक भाग पलीकडे पोचतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरने तिप्पट करून द्यायचं. तिपटीला जरा कमी पडलं की स्वर विझतो. जास्त झालं की वाढत वाढत सप्लायच्या छताला डोकं आपटतो आणि लाटेचा माथा सपाट होतो. हे तिप्पट जुळवायला आमच्या किटवर एक प्रीसेट असायचा, बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा. शिवाय ताईने दोन डायोड घालायला लावले होते. लाट लहान असताना ते गप्प बसायचे, मोठी झाली की वाट मोकळी करून तिला आवरायचे. त्या डायोडसाठी मला पाटीला नवी भोकं पाडावी लागली, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं.

ताई प्रीसेट तीनाच्या वर थोडा ठेवायची. मग स्क्रूवरून प्रीसेटच्या अंगापर्यंत आपल्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायची, कुणी हलवला तर कळावं म्हणून. स्कोपवर, म्हणजे लाट दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, ती लाट यायची, पण माथ्याला किंचित दबलेली.

"हे काय गं," मी म्हणालो, "कुणी टपली मारल्यासारखी दिसतीये."

"राहू द्या बाबा. ती किट चालू होणार, हे महत्त्वाचं."

"माझ्या हातची वायरिंग अन् वर असलं कुबड? कॉलेजातला सर काय म्हणेल?"

"सर म्हणतील की सुरू झाली. पोरं छोट्या अन् मोठ्या कपॅसिटरच्या दोन जोड्या घालून बघणार. सगळे कपॅसिटर तुमच्यासारखे सरळ नसतात."

ती हसली. मी हसलो नाही. टोमणा होता हे कळलं, त्यातलं खरं कळलं नाही. कळून घ्यायचंच नव्हतं म्हणा.

माल निघायच्या आदल्या दिवशी ती लवकर गेली, एसटीचा काहीतरी घोळ होता. शेठ बाहेर होते. मी एकेक किट स्कोपला लावली, तिची रेघ नखाने खरवडली आणि प्रीसेट मागे घेत गेलो. लाट लहान होत गेली आणि माथा गोल होत गेला. इतकी गोल, इतकी साफ, की मी कितीतरी वेळ बघतच बसलो. मग माझ्याकडे मांडवांच्या काळापासून स्क्रू हलू नये म्हणून लावायची लाल लाखेची बाटली होती, तिचा टिपका वर दिला. लाट कशी हवी ते आता बघू दे पोरीला, एवढंच डोक्यात होतं. वाईट करायचं म्हणून केलं नाही. पण तिला न विचारता केलं, आणि ती नसताना केलं.

चूक अशी झाली की मी फक्त छोट्या कपॅसिटरच्या जोडीवर बघितलं. ती जोडी मी स्वतः मीटरवर निवडून सारखी लावलेली होती. मोठे कपॅसिटर पाकिटातून आले तसे. त्यांच्यावर आकडा एकच छापलेला, पण आत एक थोडा मोठा, एक थोडा लहान. असं झालं की पुलाचं तिपटीवर भागत नाही. मोठा जर शेजारी शेजारी लावलेल्या जोडीत बसला, तर त्याला तीनाहून जास्त लागतं. उलटा बसला, तर कमी लागतं. ताईने तेवढ्यासाठीच वर थोडी जागा ठेवली होती. ती मी सौंदर्यासाठी खाऊन टाकली.

कॉलेजात किट घेऊन आम्ही तिघंही गेलो. टेबलांवर मांडल्या, पोरं भोवती उभी राहिली. ताईने छोटी जोडी लावली. स्कोपवर लाट आली, लोण्यासारखी. सर म्हणाले, "वा." मी शेठकडे बघितलं, छाती काढून.

मग तिने मोठी जोडी लावली. स्कोपवर सरळ रेघ. तिने वायर काढून पुन्हा घातली. रेघ तशीच. दुसऱ्या किटवर गेली, तिथे चाललं. तिसरीवर नाही. मागून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, झोपली वाटतं." बाकीची हसली.

ताई वाकून प्रीसेटकडे बघत होती. लाखेचा तो लाल टिपका तिला दिसला, हे मला दिसलं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं, मी काही बोलतोय का म्हणून.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"टेस्टिंग कुणी केलंय?" सरांनी विचारलं.

"मी," ताई म्हणाली.

किट परत टेम्पोत चढल्या. गाळ्यावर आल्यावर शेठ तिला म्हणाले, "ताई, मी तुमच्या भरवशावर होतो. महिना पूर्ण करा. पुढचं मी बघतो." ती हो म्हणाली, डबा पिशवीत घातला आणि एसटी गाठायला निघाली. दारात चप्पल घालताना मला म्हणाली, "बाबा, येते." रोज म्हणायची तसंच. तिने एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी सूनबाईने ताट वाढलं, मी जेवलो नाही. काय झालं विचारलं तर पोट बिघडलं म्हणालो. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. कुणाचं सोल्डर कच्चं, कुणाचा डायोड उलटा. आणि एका पोरीचा रोजचा प्रवास, घरच्यांशी चाललेली तिची ओढाताण, सगळं माझ्या एका टिपक्याखाली दडपलं होतं. मला सरांसमोर फक्त तोंड उघडायचं होतं. तेवढं उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळा उघडायच्या आधीच जाऊन बसलो. शेठ आले तसं सांगून टाकलं. "किट मी बिघडवल्यात. ताईने बरोबर लावल्या होत्या."

शेठ गॉगल काढत हसले. "बाबा, तिला वाचवायला बघताय ना? तुमचं मन मोठं आहे, पण धंद्यात असं चालत नाही."

हे मी धरलंच नव्हतं. खरं बोललो तर तो माझा चांगुलपणा ठरला, आणि ताई अजून खाली गेली. मी म्हणालो, "शेठ, मन बिन काय नाय. इकडं बघा."

एवढ्यात ताई आली. मी तिला थांब म्हणालो. एक मेलेली किट स्कोपला लावली, मोठी जोडी घातली. रेघ सरळ. ब्लेडने माझी लाख काढली. खाली तिच्या रेघेचं उरलेलं दिसत होतं. अर्धं स्क्रूवर, अर्धं प्रीसेटच्या अंगावर, आणि दोन्ही एकमेकांपासून सरकलेले.

"हे अर्धं इथं होतं," मी म्हणालो, "ते मी फिरवून इथं आणलं. लाट गोल दिसावी म्हणून."

शेठ वाकून बघायला लागले. मी स्क्रूड्रायव्हर घातला आणि तिची दोन्ही अर्धी एका ओळीत येईपर्यंत प्रीसेट पुढे घेतला. रेघ थरथरली. मग फुगत फुगत लाट उभी राहिली आणि डायोडने धरली तिथे थांबली. माथा किंचित दबलेला. त्या दिवशी मी ज्याला कुबड म्हणालो होतो, तेच.

"कॉलेजात मीच येतो," मी म्हणालो. "सरांना पोरांसमोर सांगतो."

शेठने ताईकडे बघितलं. "तुम्ही काल का नाही बोललात?"

"बाबा बोलतील असं वाटलं," ती म्हणाली.

मी लाखेची बाटली कचऱ्यात टाकली, दुसरी किट उचलली आणि ब्लेडने खरवडायला लागलो. ती स्टूल ओढून शेजारी बसली. एकेक किट मी साफ करून तिच्यापुढे सरकवत होतो, आणि प्रीसेट ती फिरवत होती.