टाकीकडे परत जाणारा बाण

एका उत्तरपत्रिकेवर मी जाणूनबुजून कमी गुण दिले, आणि ही गोष्ट सात वर्षे घरच्या माणसांनाही सांगितली नाही.

आमच्या भाषा केंद्रात इंग्रजीची पात्रता चाचणी होते. तिच्यातील एका प्रश्नात एखाद्या प्रक्रियेची आकृती देतात आणि ती उमेदवाराने शब्दांत सांगायची असते. त्या वर्षी नदीचे पाणी पिण्याजोगे करण्याची आकृती होती. तुरटी, निवळण्याची टाकी, वाळूची गाळणी, क्लोरीन, साठवण आणि शेवटी घरे. त्यात एकच बाण उलटा होता. गाळणी धुतल्यावर निघालेले पाणी तो पुन्हा टाकीकडे नेत असे. बहुतेक उमेदवार तो बाण विसरतात, किंवा पाणी घरोघर पोहोचवून झाल्यावर शेवटी घाईने चिकटवतात.

क्रम आणि शब्दसंपदा यांना नऊपैकी वेगवेगळे गुण द्यायचे. क्रमात टप्पे एकमेकांतून कसे निघतात ते पाहायचे. शब्दसंपदेत आकृतीवर छापलेले शब्द जसेच्या तसे उतरवल्याचे श्रेय द्यायचे नाही.

तिसऱ्या गठ्ठ्यात एक अक्षर ओळखीचे निघाले. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, पण दुर्गाघाटावरच्या मराठी वस्तीत आमच्याच गल्लीत राहणारी ती मुलगी दोन वर्षे माझ्याकडे दुपारी लिहायला बसत असे. तिच्या अक्षरांच्या अर्ध्यावर सोडलेल्या शेपट्या मी कितीदा दुरुस्त केल्या होत्या. अशा वेळी उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांकडे परत करावी, असा नियम आहे. मी ती परत केली नाही.

तिने इंग्रजीत लिहिले होते त्याचा अर्थ असा, ‘गाळणीत अडकलेला गाळ धुऊन काढल्यावर ते पाणी वाया न घालवता पुन्हा टाकीत सोडले जाते, गाळून निघालेल्या पाण्यात मात्र याच वेळी क्लोरीन मिसळतात.’ उलटा बाण बरोबर आपल्या जागी होता. ‘प्रथम’, ‘नंतर’, ‘त्यानंतर’ अशी उतरंड कुठेच नव्हती. तसे लिहू नकोस, क्रम वाक्यातच दिसू दे, हे तिला मीच शिकवले होते. मी क्रमाला आठ आणि शब्दसंपदेला सात लिहिले.

मग मला आदल्या आठवड्यातला एका सहकाऱ्याचा विनोद आठवला. “गुरुजी, इस बार आपके घाट की कितनी कॉपियाँ हैं?” आमच्या घाटावरच्या मुलांच्या किती उत्तरपत्रिका माझ्या वाट्याला आल्या, असा त्याचा रोख होता. सगळे हसले होते, मीही हसलो होतो. पत्रिका परत करायची म्हणजे ओळख सांगायची, आणि आठ ठेवायचे म्हणजे पक्षपात केला असे कोणी म्हणेल. मी आठाचे पाच केले, साताचे सहा. शेऱ्यात लिहिले, ‘क्रमदर्शक शब्द अपुरे.’ माझ्याच शिकवणीचे पालन मी तिचा दोष म्हणून नोंदवले. त्या दिवशी मला स्वतःच्या निःपक्षपातीपणाचा थोडा अभिमानही वाटला.

परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती तिच्या हातून दोन गुणांनी गेली. मी चार काढून घेतले होते. शेरा जोडलेला निकाल घेऊन ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “मीच कमी पडले, काका.” मी म्हणालो, “पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी तिच्या वडिलांनी अंथरूण धरले. ती पुन्हा परीक्षेला बसली नाही.

आता ती घरच्या माडीवर याच चाचणीची शिकवणी घेते. या हिवाळ्यात मुलांचे लेखन पाहायला तिने मला बोलावले. फळ्यावर पाच क्रमदर्शक शब्द चौकटीत लिहिलेले होते, आणि प्रत्येक वहीत प्रत्येक वाक्य त्यांतल्याच एकाने सुरू होत होते.

मुले गेल्यावर मी विचारले, “हे असे का शिकवतेस?”

ती हसली. “काका, बुरा मत मानो, तुमचं शिकवणं फार सुंदर होतं. पण एग्जाममध्ये ते चालत नाही. शेरा अजून आहे माझ्याकडे. मी भोगलं ना, यांनी कशाला भोगायचं?”

“ते चालते,” मी म्हणालो.

“मग माझं का नाही चाललं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. सात वर्षे तिने स्वतःलाच अपुरे मानले होते, आणि आता तेच अपुरेपण ती मुलांना जपून वाटत होती. मी खडू उचलला, पण फळ्यावर लिहिण्यासारखे काही नव्हते. तो परत ठेवला.

“ती उत्तरपत्रिका मी तपासली होती. तुझे अक्षर मी ओळखले. तू बरोबर लिहिले होतेस, बाण बरोबर जागी होता. मी आधी आठ दिले होते. लोक काय म्हणतील म्हणून पाच केले, आणि तो शेरा खोटा लिहिला. तू कमी पडली नव्हतीस. माझे चुकले. मला क्षमा कर.”