काचेमागचे पावणेचार बिघे

शालूताई परचुरे यांच्या नारायण पेठेतल्या दारावर एक पाटी होती. "मोडी वाचून मिळेल. अर्थ लावून मिळणार नाही." खाली बारीक अक्षरात वेळ होती आणि दुपारी बेल वाजवणाऱ्यांसाठी दोन शब्द होते, ते इथे लिहीत नाही.

पाटी उगाच लावली नव्हती. नवरा गेला तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. एका दप्तरखान्यात नकला उतरवायची नोकरी मिळाली आणि तिथेच त्या मोडी शिकल्या. वर्गात बाकी सगळे पुरुष होते. या डबा घेऊन शेवटच्या बाकावर बसत आणि परीक्षेत पहिल्या आल्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनांशी तेव्हापासून जे भांडण जुंपलं, ते निवृत्तीनंतरही मिटलं नाही. "मेल्या, जरा हात उचलायचास की!" असं त्या कागदाला सांगत. कारण मोडी लिहिणारा हात उचलतच नाही. आधी ओळभर रेघ मारायची आणि तिला अक्षरं लटकवत सुटायचं, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धतही नाही. पण एखाद्याचं अक्षर सुबक निघालं की बाई दिवसभर खूश असत आणि त्या मेलेल्या माणसाची तारीफ दूधवाल्याला ऐकवत.

पूर्वी त्यांच्याकडे इतिहासवाले येत, चहा पिऊन दोन दोन तास वाद घालत. मग हिंजवडीत कंपन्या आल्या, पुण्याच्या चारी अंगांना जमिनीला भाव आला आणि जमिनीमुळे मोडीलाही आला. आता वकिलांचे कारकून येत, चहा नको म्हणत आणि उभ्यानेच विचारत, "म्हणजे जमीन कोणाची?" शालूताई न बोलता पाटीकडे बोट दाखवत.

दोन हजार चार सालच्या हिवाळ्यात एका सकाळी हिंमतराव आले. विश्रांतवाडीच्या पलीकडचे शेतकरी, पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा आणि खांद्यावर चादरीत गुंडाळलेली चौकट. मागोमाग त्यांची धाकटी बहीण मुक्ताई. ती बिबवेवाडीला राहायची. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून लोकांचे डबे करून घर चालवत होती. हातात हिरव्या बांगड्या, पायात रबरी चपला, आणि भाऊ बसल्याशिवाय बसायचं नाही असं वळण.

हिंमतरावांनी चादर सोडली. आत काचेच्या चौकटीत एक पिवळा कागद होता. काचेवर हळदीकुंकवाची बोटं होती आणि कोपऱ्यात झेंडूची वाळकी पाकळी अडकली होती.

"दसऱ्याला पूजा करतो आम्ही हिची," हिंमतराव म्हणाले. "आमच्या मूळपुरुष दत्तोबानं तलवारीवर मिळवल्याली जमीन हाय ही. सरदारानं दिली. आता कंपनी घ्यायची म्हणती. त्यांचा वकील म्हणला, जुनं काय आसंल त्ये वाचून आणा."

"आणि या?"

"बहीण हाय माझी. हिकडनं तसंच पुढं रजिस्टर हापिसात जायाचंय. हिचं हक्कसोड करायचंय, तीनची येळ दिलीय." त्यांनी खिशातला टाइप केलेला कागद चाचपला. "साडी घेतलीय हिला. पैठणी."

मुक्ताई हसली. "दादाला नाही म्हणायचं कशाला, ताई? माझं माहेर तेवढंच."

हक्कसोड म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा सहीनिशी सोडून देणं. तो कागद शालूताईंनी कधी वाचायला घेतला नव्हता, कारण तो मोडीत नसतो. पण असे कागद खिशात घालून आलेले भाऊ त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांना हा हिंमतराव काही वाईट वाटला नाही. रिक्षातून उतरताना त्याने आधी बहिणीला हात दिला होता, हे त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. म्हणूनच त्यांना त्याचा जास्त राग आला.

त्यांनी ओल्या फडक्याने हळदकुंकू पुसलं, भिंग घेतलं आणि आधी काळवेळ शोधली. "शके सतराशे बारा, साधारणनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. आणि हे बघा, पुन्हा अरबीत: इहिदे तिसैन मया व अलफ. इहिदे म्हणजे एक, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार."

"अकराशे एक्याण्णव," मुक्ताई पटकन म्हणाली. डब्यांचा हिशेब तोंडीच करायची सवय तिला.

"बरोबर. महिना मार्गशीर्ष, म्हणून त्यात पाचशे नव्याण्णव मिळवायचे. सतराशे नव्वद. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले तरी तेच येतं. दोन्ही जुळले म्हणजे कारकून शुद्धीवर होता."

मग नावं. शब्द सुटे नसले की शालूताई आधी 'बिन' शोधत. त्याच्या अलीकडे मुलगा असतो, पलीकडे बाप. "लिहून घेणार दत्तोबा बिन बाबुराव."

हिंमतरावांनी चौकटीला हात जोडले. "आमचा मूळपुरुष!"

"लिहून देणार..." शालूताई थांबल्या. भिंग पुढे नेलं, मागे आणलं. "राधी कोम मल्हारजी."

"ह्यो कोम कोण?"

"कोम म्हणजे बायको. मल्हारजीची बायको राधी. देणारी ती आहे."

"बाई?" हिंमतरावांचा चेहराच उतरला. "बाई कशी जमीन देईल? नीट वाचा की, ताई."

"नीटच वाचतेय. दोनशे चौदा वर्षांपूर्वी लिहिलंय, आता तुमच्यासाठी बदलू का?" त्यांनी पुढे वाचलं. "मी बाबुरावाची बहीण. मज वैधव्य आलियावर भावाने चोळीबांगडीस जमीन दिल्ही ते खात आले. मज पोटी संतान नाही. सबब आपले संतोषे तुज भाचियासी दिल्ही असे. जमीन बिघे..."

इथे कागद संपला.

शालूताईंनी चौकट उचलून कडेने पाहिली. कागद खालच्या बाजूला जाड दिसत होता. "किती जमीन ते नाही, चतुःसीमा नाहीत, साक्षी नाहीत. असा कागद कोणी लिहीत नाही. चौकट कोणी केली?"

"वडलांनी. बोहरी आळीतनं. तवा म्या ल्हान व्हतो."

"चौकट देवाच्या फोटोच्या मापाची आहे. कागद लांब होता, म्हणून चौकटवाल्याने उरलेला मागे दुमडला. तुम्ही इतकी वर्षं अर्ध्याच कागदाची पूजा केलीत. उघडावी लागेल."

हिंमतराव कचरले. वडिलांच्या हातची चौकट, देवासारखी पुजलेली. पण उरलेल्या अर्ध्यात सरदार असेल ही आशा त्यांना सोडवेना. "उघडा," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. खिळे मुक्ताईनेच काढले, उलथन्याच्या टोकाने, एकही चीर पडू न देता. घडी सोडवता सोडवता शालूताईंना दुपारचे दोन वाजले. घडीच्या आतली शाई काल लिहिल्यासारखी काळीभोर होती.

हिंमतराव वाकले. अक्षर कळत नसलं तरी आकडा त्यांच्या नजरेत भरला. "तीन हजार एकशे अकरा! मुक्ते, तीन हजार एकशे अकरा बिघे!"

"अर्धं पुणं झालं की हो ते," शालूताई म्हणाल्या. "एकाचे आकडे नव्हेत ते, दंड आहेत, उभ्या रेघा. तीनापुढे पहिले दोन दंड म्हणजे अर्धा, तिसरा म्हणजे पाव. पावणेचार बिघे. वीस पांडांचा बिघा, म्हणजे तीन बिघे पंधरा पांड. एकर किती ते मला विचारू नका. कोणत्या काठीने मोजली त्यावर बिघा ठरतो, ते मोजणीवाला सांगेल. पूर्वेस ओढा, दक्षिणेस देवीचा माळ, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस बाबुरावाचेच शेत."

"ओढ्याकडंचाच तुकडा," हिंमतराव हळूच म्हणाले. "कंपनीला त्योच पायजे." मग शेवटच्या ओळीजवळ त्यांनी बोट नेलं. "आन् ह्यो शाईचा डाग कसला?"

तिथे एक लहानसं वर्तुळ होतं, जरा वाकडं.

"डाग नाही. वर कारकुनाने लिहिलंय, दस्तुर बद्रीनाथ कुळकर्णी, म्हणजे अक्षर त्याचं. राधीला लिहिता येत नव्हतं. शेतकरी असता तर त्याने नांगर काढला असता, हा साक्षीदाराचा आहे बघा. बाई बांगडी काढायची, विधवा असली तरी. ही तिची सही."

मुक्ताई उठून जवळ आली. तिने ते वर्तुळ पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे पाहिलं.

 शालूताईंच्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं, पण पाटी त्यांनी स्वतःच लावलेली. त्यांनी भिंग पुन्हा पुसायला घेतलं.

"घ्या," हिंमतराव शेवटी म्हणाले, बहिणीकडे वळून. "म्हंजी आपल्यात बहिणीनं भावाच्या घरात जमीन द्यायची चालच हाय. जुनी हाय. चल, तीन वाजायचं व्हतील."

मुक्ताई हलली नाही. आवाजही चढवला नाही तिने. "दादा, तिनं दिली. आधी भावानं तिला दिली होती, मग तिनं खाल्ली, मग आपल्या खुशीनं दिली. तिची होती म्हणून देता आली." ती थांबली. "माझी कधी होती?"

हिंमतरावांनी शालूताईंकडे पाहिलं. "म्हंजी वो काय, ताई?"

शालूताईंनी पाटीकडे बोट दाखवलं नाही. पदराने डोळे टिपले आणि चहा टाकायला आत गेल्या. त्या चहा घेऊन परत आल्या तेव्हा हिंमतराव टोपी मांडीवर ठेवून बसले होते आणि घड्याळात साडेतीन झाले होते. टाइप केलेला कागद अजून खिशातच होता. "नक्कल दोन करा," ते म्हणाले. "एक हिला."

त्यानंतर बरेच दिवस कोणी आलं नाही. शालूताई स्वतःवर चिडत, पण आपण फक्त वाचलं अशी समजूत घालत. भाऊबहिणीत वितुष्ट आलं असेल, चौकटही पुन्हा भिंतीवर गेली असेल, असं त्यांनी दूधवाल्याला सांगून टाकलं होतं.

उन्हाळ्यात मुक्ताई एकटीच आली. ऐन दुपारी, पाटीला न जुमानता. हातात पुरणपोळ्यांचा डबा आणि खरेदीखताची झेरॉक्स. ओढ्याकडचा तुकडा कंपनीने घेतला होता. लिहून देणार म्हणून दोन नावं होती: हिंमतराव, आणि त्याखाली मुक्ताई.

"दादा बोलत नव्हता दोन महिने," ती म्हणाली. "मग एक दिवस डब्याच्या वेळेला आला, ओट्यापाशी उभा राहिला. म्हणाला, तू इकायचं म्हणशील तरच इकू. मी म्हटलं, आता इचारलंस, आता इक."

शालूताईंनी भिंग लावलं, सवयच ती. मुक्ताईची सही चौथी पास झालेल्या बाईची, सावकाश, एकेक अक्षर सुटं. आणि तिच्या पुढे एक लहानसं वर्तुळ.

"रजिस्टरचे साहेब म्हणाले, बाई, शाई सांडली का इथं?" मुक्ताईने डब्याचं झाकण उघडलं. "दादाच बोलला मग. म्हणला, न्हाई साहेब, सही हाय ती आमची."