आबांच्या ‘होऊ द्या’साठी थांबलेलं भजन

टाकव्याच्या आमच्या देवळात उत्सवाचं भजन माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, "होऊ द्या" म्हटल्याशिवाय सुरू होत नाही. त्या वर्षी खुब्याचं हाड मोडून आबा वडगावला माझ्या नणंदेकडे अंथरुणाला खिळले होते. "मी न्हाई तितं, म्हंजी माजं संपलं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मला ते बघवेना. म्हटलं, लाइव्ह दाखवते.

आदल्या वर्षी कुणीतरी हातात फोन धरून लाइव्ह केलं होतं. त्यात कर्ण्याची खरखर आणि माणसांचे गुडघे, याशिवाय काही नव्हतं. मी चिडकी आहे, पण चिडले की काम नीट करते. फोन आडवा करून स्टँडवर लावला आणि स्टँड खांबाला सुतळीनं आवळून बांधला. गर्दी झाली की मोबाइलचं नेट रांगू लागतं, म्हणून देवळामागच्या घरातलं वायफाय घेतलं. मध्येच कुणाचा फोन येऊ नये म्हणून एअरप्लेन मोड लावून वायफाय तेवढं चालू ठेवलं. कॉलर माइक कर्ण्यापासून लांब, पेटीसमोर बांधला. आदल्या संध्याकाळी चाचणी घेऊन नणंदेला आवाज नीट येतो का विचारलं; आबांचं उत्तर तिनं कमेंटमध्ये लिहायचं ठरलं.

सकाळी सगळे बसले. पेटीवाल्या भाऊंनी माइककडे वाकून विचारलं, "आबा, सुरू करू का?"

आणि काहीच नाही.

लाइव्ह थोडं मागून पोचतं, हे सांगायचं मी साफ विसरले होते. भाऊ पुटपुटले, "नेट गेलं वाटतं." एकजण उठून फोन हलवायला निघाला. "हात लावू नका!" मी ओरडले, तेही माइकसमोर. मग दबक्या आवाजात सांगितलं, "प्रश्न आत्ता त्यांच्यापर्यंत जातोय. थांबा जरा."

आमच्या गावाला थांबायची सवय नाही. पण भरला मांडव गप्प बसला. टाळ मांडीवर, पोरं आयांच्या कुशीत. मग माझ्या पतीच्या फोनवर नणंदेची कमेंट उमटली: "आबा म्हणतात, होऊ द्या." टाळ कडाडले, आणि मी पदर तोंडाला लावून रडले.

दुपारी वडगावला गेले. आबा उशीला टेकून बसले होते, स्वतःच्या हातानं जेवत होते. वाटलं, भजनाबद्दल बोलतील. ते म्हणाले, "मी ‘होऊ द्या’ म्हनलो, तरी तुमी आपले गप्पच."

मला हसू आलं. "आबा, तुमचं ‘होऊ द्या’ आम्हाला कमेंटमधून लगेच कळलं. तुम्हाला मात्र आमचं थोडं आधीचं दिसत होतं."

"आसंल," ते म्हणाले. "पन बघितलं मी. सगळं गाव माज्यासाटी गप बसलं व्हतं."