एक चादर कमी

वसतिगृहातल्या चादरींचा हिशोब मावशीकडे होता. धोब्याने गठ्ठा टाकला, तिने मोजल्या. पाठवल्या चाळीस, आल्या एकोणचाळीस.

"एक कुठे गिळलीस?"

"मावशी, चिठ्ठी तुम्ही आधीच लिहून ठेवलेली. मी न्यायला आलो तेव्हा तुम्ही दवाखान्यात. ढिगात एकोणचाळीसच होत्या."

त्या सकाळी तिचा नवरा, इथला वॉचमन, जिन्यात कोसळला, तेव्हा पोरांनी धुवायच्या ढिगातली चादर ओढून त्याच्या अंगावर घातली होती. तो घरी परत आलाच नाही, चादरही नाही.

नोंदवहीत दोनच रकाने होते, झिजली आणि हरवली. मावशीचं पेन दोन्हींच्या मधल्या रेघेवर बराच वेळ थांबलं. मग तिने 'हरवली'खाली एक मांडली.

"चल, उशांचे अभ्रे काढ," ती म्हणाली.