शाईत न दिसलेली बुरशी

चेन्नईच्या त्या रुग्णालयात आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई तंजावरी मराठी घरातल्या आणि मी नाशिकची. भाषा एक असूनही आमचं कधी पटलं नाही.

एकदा एन्नोरचा एक मच्छीमार डोकेदुखीने बेजार होऊन दाखल झाला. त्याला एचआयव्ही होता. त्याच्या पाठीतून काढलेलं पाणी आमच्याकडे आलं. बाईंनी त्याचा गाळ काळ्या शाईच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एचआयव्ही असलेल्यांना मेंदूज्वर आणणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशीच्या जाड आवरणात शाई शिरत नाही, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर पेशीभोवती स्वच्छ कडं दिसतं. तसं कडं कुठेच नव्हतं.

"निगेटिव्ह. क्षयाचाच मेंदूज्वर," बाई म्हणाल्या.

"बुरशी थोडी असेल तर शाईत निसटते. अँटिजेनची पट्टी लावू या."

"माझ्या नजरेवर भरवसा नाही तुमचा?"

"नजरेचा प्रश्न नाही, मॅडम. आवरणातून पाण्यात सुटलेला अंशही पट्टी पकडते."

"पट्टी काय, कुणीही बुडवेल."

"म्हणूनच ती हवी," मी म्हणाले.

सगळे ऐकत होते. बाई उठून गेल्या. मी उरलेल्या पाण्यात द्रावण घालून पट्टी उभी केली. दहा मिनिटांनी तिच्यावर दोन रेघा होत्या. मी लगेच वॉर्डात फोन केला आणि त्याच दुपारी बुरशीवरचं औषध सुरू झालं. पुढे तो माणूस आपल्या पायांनी घरी गेला.

बाईंनी मात्र मला पाठीतल्या पाण्याच्या तपासणीवर पुन्हा कधी बसू दिलं नाही.