नाचणी सत्त्वाचा खण

बाबा रामनगरहून बेळगावला आले तेव्हा मी हौसेनं त्यांना माझं कामाचं ठिकाण दाखवायला नेलं. त्यांचा जन्म किराणा दुकानात गेला. आत पाऊल टाकताच त्यांनी चारी बाजूंना मान फिरवली आणि विचारलं, "गिऱ्हाईक कुठं हाईत गं?"

गिऱ्हाईक नसतंच. हे दुकान फक्त मोबाईलवर दिसतं. बाहेर पाटी नाही, शटर अर्धं खाली, काउंटर नाही. आत लोखंडी कपाटांच्या रांगा आणि प्रत्येक खणाला नंबर. ऑर्डर आली की स्कॅनर खणाचा नंबर दाखवतो, मुली तो माल उचलून पॅकिंगच्या टेबलावर आणतात आणि दारात थांबलेले गाडीवाले तो घेऊन पळतात. सगळा खेळ मिनिटांचा, म्हणून जो माल जास्त खपतो तो टेबलाजवळ आणि जो कमी खपतो तो भिंतीकडे. माल भरून ठेवायला मागं गोदामही नाही. मोठ्या गोदामातून गाडी दिवसातून तीन-चारदा येते: पहाटे दूध, मग भाजी, दुपारी आणि संध्याकाळी बाकीचं. जेवढं खपलं त्या हिशोबानं यंत्र पुढचं मागवतं. ते सगळं खणांत नीट लावून घ्यायचं, हे माझं काम.

"आणि एखाद्यानं इथं नसलेलं मागितलं तर?" बाबांनी विचारलं.

"जे रोज खपत नाही ते ठेवतच नाही, बाबा. जागा कुठाय?"

बाबांना ते पटलं नाही, हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं. त्यांच्या दुकानात एकेका घरासाठी म्हणून ठेवलेला माल असे. अमक्यांकडच्या म्हातारीचा तपकिरीचा डबा, तमक्यांचं लोणच्याचं तेल. दुसऱ्यानं मागितलं तर ते सरळ सांगत, "ते त्यांचं हाय." गिऱ्हाईक वारलं तरी वर्षभर त्या वस्तूला हात लावायचा नाही, ही त्यांची रीत. आम्ही भावंडं त्यांची खूप थट्टा करायचो.

तर आमच्याकडे भिंतीकडच्या एका खणात नाचणी सत्त्व होतं. ते बहुतेक एकाच घरी जायचं. हे मला आमच्या एका गाडीवाल्यानं सांगितलं. तो जोयड्याकडच्या दिग्गीचा, दोन लेकरांचा बाप. आम्ही एका तालुक्याचे म्हणून मला अक्का म्हणायचा. "म्हातारी हाय अक्का त्या घरात, अंथरुणावर. लेक म्हणते, एवढंच गिळतीया."

ते ऐकलं आणि मला आई आठवली. माझी आई शेवटी तेवढंच गिळायची. बाबा नाचणीची आंबील पातळ करून चमच्यानं भरवायचे आणि ती सगळ्यांवर डोळे फिरवून पुन्हा मिटून घ्यायची. तेव्हापासून त्या खणासमोरून जाताना माझा हात आपोआप पाकिटं सरळ करायचा.

एक दिवस स्क्रीनवर तो खण लाल झाला. लाल म्हणजे खप पुरेसा नाही, वस्तू बंद करा, जागा दुसऱ्याला द्या. मी बंगळूरच्या साहेबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तिथं मसाला चिप्सचा नवा प्रकार येणार आहे." मी म्हटलं, एक घर त्यावर जगतंय. ते म्हणाले, एका घरावर दुकान चालत नाही. माणूस वाईट नव्हता. यंत्राची भाषा बोलत होता, इतकंच.

मग मी माझ्याच मोबाईलवरून नाचणी सत्त्व मागवलं. माझी खोली दोन गल्ल्या पलीकडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवलं. खण लालचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. मला हसूच फुटलं. यंत्राला कसं बनवलं म्हणून दिवसभर मी तोऱ्यात होते.

पण यंत्राला कुठं ठाऊक की मागणारी मीच. त्याला वाटलं, लोकांना नाचणी हवीय. दुपारच्या गाडीत क्रेट उघडावा तर वरच पाकिटं. संध्याकाळच्या गाडीत पुन्हा. आता ती सगळी खपली नाहीत तर खण परत लाल होणार, म्हणून मी जास्त मागवू लागले. त्यामुळं यंत्र आणखी पाठवू लागलं. शेवटी खप वाढला म्हणून वरून हुकूम आला की ही वस्तू टेबलाजवळच्या खणात हलवा. ती मीच हलवली. खोलीत पलंगाखाली पाकिटांची रास लागली. क्रेटचं झाकण काढताना मला धडकी भरायची. आत कुणीतरी माझी वाट बघत बसलंय असं वाटायचं. खरं सांगते, मी भ्याले होते.

एकदा माझं पाकीट द्यायला तोच दिग्गीचा गाडीवाला खोलीवर आला. मी सहज विचारलं, "त्या आजींकडे आज गेला होतास का?"

त्यानं पिशवी माझ्या हातात दिली. "कुठल्या आजी? ती न्हवं का, दिवाळीच्या आधीच गेली. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

खण लाल झाला होता तो दिवाळीनंतर. म्हणजे ती गेली म्हणूनच खप थांबला होता आणि यंत्रानं मला तेवढंच सांगितलं होतं. मी तिच्यासाठी भांडले, जागा राखली, गाड्यांवर गाड्या मागवल्या. खाणारं माणूस तेव्हाच नव्हतं.

मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, पलंगाखालच्या राशीसकट. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत.



"मी रोज सकाळी दोघांची आंबील करतोय," ते म्हणाले. "तिची वाटी परड्यात वततोय. मला न्हाई थांबवाय येत, बाई. तू तरी थांबीव."

मग मी मागवणं थांबवलं. यंत्र लगेच थांबलं नाही. दुपारच्या गाडीतून पाकिटं येत राहिली, आधीपेक्षा थोडी, मग त्याहून थोडी. ती टेबलाजवळच्या खणात तशीच पडून राहायची. खण पुन्हा पिवळा झाला, मग लाल. ह्या वेळी मी फोन लावला नाही. कंपनीनं वस्तू बंद केली, उरलेली पाकिटं मोठ्या गोदामाला परत पाठवली. मोकळा खण मी फडक्यानं पुसला.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी आली. मी एकेक क्रेट उघडत गेले. साबण, बिस्किटं, तेल, चहा. तळापर्यंत हात घालून बघितलं. मग पहिला क्रेट पुन्हा उघडला. तिथंच क्रेटांच्या मधे मी खाली बसले आणि मला आईसाठी रडू आलं, ती गेली तेव्हाही आलं नव्हतं एवढं.

माल उचलणारी एक मुलगी धावत आली. "काय झालं मॅडम? काय कमी आलंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "सगळं बरोबर आलंय."