मानपत्रातली आत्या

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत माझं टायपिंग आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, मंडळांचे अहवाल असं सगळं मी करतो; पण माझी खरी ऐट मानपत्रात. कुणी निवृत्त झालं, कुणाची पंचाहत्तरी आली, की लोक माझ्याकडे येतात. मजकूर कच्चा असला तरी चालतो, त्याला मी 'वजन' आणून देतो, असं मी स्वतःच सांगत फिरायचो. हे वजन मी कुठून आणायचो, ते सांगायला आता हरकत नाही. माझ्या टेबलावर समानार्थी शब्दांचा एक जाडजूड कोश असतो. साधा शब्द दिसला की मी तो उघडायचो आणि त्याच ओळीतला त्यातल्या त्यात भारदस्त शब्द उचलायचो.

दोन वर्षांपूर्वी खारघरच्या एका शाळेतल्या बाई माझ्याकडे आल्या. वय तिशीच्या आसपास. त्या मूळच्या उरणकडच्या कोळीवाड्यातल्या. आई लहानपणीच गेली, वडील कामासाठी बाहेरगावी. त्यांना आत्याने वाढवलं. आत्या पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. आता तिचं वय झालं म्हणून गावातलं महिला मंडळ तिचा सत्कार करणार होतं आणि मानपत्र भाचीनेच लिहून वाचावं, असं ठरलं होतं.

"आत्याला वाचता येत नाही," बाई म्हणाल्या. "ती फक्त ऐकणार. आयुष्यभर मी तिला एकदाही नीट काही बोलले नाही. आमच्याकडे आभार मानायची पद्धतच नाही. हे एवढं एकदाच तिच्यापर्यंत पोचायला हवं."

एवढं सांगून त्यांनी वहीचं पान पुढे केलं आणि लगेच ओशाळल्या. "फार गावठी झालंय हो. कष्ट, कष्ट, कष्ट, सगळीकडे तेच. तुम्ही जरा मानपत्रासारखं करा."

मी पान वाचलं. खरं सांगतो, ते चांगलं होतं. पण चांगल्याला हात लावल्याशिवाय माझं काम झाल्यासारखं मला वाटत नाही, हा माझा जुना आजार आहे. शिवाय बाईंचंही माझ्यासारखंच मत होतं. शाळेत त्या मुलांकडून पाणी म्हणजे जल, जल म्हणजे नीर असं पाठ करून घेत होत्या आणि उत्तराला गुण देत होत्या. एकाच अर्थाचे शब्द एकमेकांच्या जागी बसतातच, यावर आम्हा दोघांचा पूर्ण विश्वास होता.

मग मी बसलो. 'आत्याने आमच्या शिक्षणासाठी कष्ट घेतले' असं होतं. 'कष्ट' आधीच तीनदा येऊन गेला होता, म्हणून इथे 'क्लेश' घातला. 'तिने मला धीर दिला' याचं 'धैर्य दिले' केलं. 'आत्या खमकी आहे' हे मानपत्रात कसं शोभेल? तिथे 'कठोर' आलं. 'तिने माया लावली' याची 'ममता लावली' झाली. आणि पहाटे डोक्यावर मासळीची पाटी घेऊन निघणारी आत्या माझ्या हातून 'प्रभातकाळी मस्तकी पाटी धारण करून' निघाली. मी स्वतःवर खूश होतो.

चार दिवसांनी बाई नमुना पाहायला आल्या, आणि सोबत आत्या. चष्म्याचा नंबर काढायला तिला पनवेलला आणलं होतं. ठेंगणी, काटक बाई. नऊवारी नेसलेली, बाकावर ताठ बसलेली. छापायला पाठवण्याआधी गिऱ्हाईकाने मजकूर एकदा मोठ्याने वाचायचा, हा माझ्या दुकानाचा नियम आहे. नाव-गाव चुकलं तर नंतर भांडण नको, एवढाच त्यामागचा हेतू.

बाई वाचू लागल्या. शाळेतल्या असल्यामुळे उच्चार स्वच्छ. आत्या हात मांडीवर ठेवून ऐकत होती. संपल्यावर तिने भाचीकडे पाहिलं.

"ही कोन बाई गं?" ती म्हणाली. "बिचारीला लई तरास हाय."

"अगं, तूच ती," बाई म्हणाल्या.

"मी?" आत्याने विचार केला. "मी कवा कठोर व्हते? तुला कवा मारलं का मी? आन् तुमच्या शिकन्याचा मना क्लेश कशाला व्हईल? मना तर बरंच वाटलं."

बाईंचा चेहरा उतरला. मला मात्र आधी रागच आला. मासळी विकणाऱ्या बाईने माझ्या मानपत्राची परीक्षा घ्यावी! "मावशी, ही ग्रंथातली भाषा आहे, शब्दांचा अर्थ तोच आहे," मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

"असंल," ती शांतपणे म्हणाली. "पन मना माजं कायच आयकायला नाय आलं."

सत्कार चार दिवसांवर होता. ज्या एका माणसाने ऐकावं म्हणून हा सगळा खटाटोप, त्या माणसाला त्यातलं काही पोचलंच नव्हतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःची लाज वाटली. मी चहा सांगितला आणि वहीचं मूळ पान परत मागितलं.

मग आम्ही एकेक शब्द घेऊन बसलो. ज्या कामाला मी कधी पाच मिनिटं दिली नव्हती, त्याला त्या दुपारी तीन तास लागले. आधी 'क्लेश'. समानार्थी कोशात तो 'कष्ट'च्या ओळीत होताच, पण मी कपाटातून अर्थाचा कोश काढला आणि तिथे तोच शब्द उलट शोधला. दुःख, पीडा, मनाला होणारा त्रास असं दिलेलं. मग बाईंनी फोनवर आणि मी जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात असं पाहायला घेतलं की हा शब्द लोक वापरतात तरी कसा. मनाला क्लेश होतात, कुणी कुणाला क्लेश देतं. 'कष्ट घेतले' पानोपानी होतं. 'क्लेश घेतले' जवळजवळ नव्हतंच. जिथे दिसलं तिथे माझ्यासारख्याच एखाद्याने सजावट केलेली असावी. आत्याने भाचीला शिकवायला क्लेश घेतले म्हणजे शिकवणं हीच तिला पीडा झाली, असा सूर लागत होता. आत्याच्या कानांनी तो बरोबर पकडला होता.

'धीर' आणि 'धैर्य' यांचं तर मला आश्चर्यच वाटलं. दोन्ही शब्द मी जन्मभर वापरले, पण एकदाही थांबून पाहिलं नव्हतं. रडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून आपण धीर देतो. धैर्य मात्र ज्याचं त्याच्यापाशी असतं, माणूस ते दाखवतो, एकवटतो. भाचीच्या पाठीवर ठेवलेला हात माझ्या वाक्यातून कुठल्या कुठे गेला होता.

"शाळेत आम्ही हे कधी विचारतच नाही," बाई म्हणाल्या. "हा शब्द कुठल्या शब्दासोबत येतो, कोण म्हणतं, कधी म्हणतं. नुसती जोडी लावून घेतो."

"मी पैसे घेऊन तेच करतो," मी म्हणालो, आणि पहिल्यांदाच तिघंही हसलो.

'ममता' वाटते, असते. लावली जाते ती माया. 'खमकी' शब्दात कौतुक आहे, 'कठोर' शब्दात ते उरत नाही. 'धारण' तर मुकुटाला शोभतं. मासळीची पाटी माणूस घेतो, नाहीतर उचलतो. प्रत्येक शब्दाला मी माझ्याच वाक्यात बसवून पाहत होतो, मग जुना शब्द परत ठेवून पाहत होतो, आणि दोन्ही वाक्यं बाई आत्याला ऐकवत होत्या. आत्या मान हलवायची किंवा नुसती खिडकीबाहेर बघायची. इतकी कडक तपासणी माझ्या मजकुराची त्याआधी कुणी केली नव्हती.

कोश फेकून द्यावा असं मात्र झालं नाही, हेही सांगायला हवं. 'कष्ट' खरोखरच चारदा आला होता आणि कानाला खटकत होता. कोशात त्याच भागात 'राबणे' होतं. आम्ही तेही तसंच तपासलं: अर्थ पाहिला, लोकांची वाक्यं पाहिली, शेतात राबतात, घरासाठी राबतात. मग बाईंनी वाचलं, "आत्या आमच्यासाठी राबली."

"राबली तं," आत्या लगेच म्हणाली. "खोटं नाय त्यात."

तो एक शब्द ठेवला. एक 'कष्ट' नुसता काढून टाकला, त्याच्या जागी काहीच लागलं नाही. बाकी सगळं वहीतलं जसंच्या तसं छापलं. माझं योगदान म्हणजे दोन स्वल्पविराम आणि ते एक 'राबली'. मजुरी घ्यायला जीव धजेना, पण आत्याने घ्यायलाच लावली.

सत्काराला मी गेलो. बोलावलं होतं म्हणून, आणि मनात धाकधूक होती म्हणूनही. देवळापुढच्या मांडवात गाव जमलं होतं. आत्या खुर्चीत नवीन चष्मा लावून बसली होती, त्याची तिला सवय झालेली दिसत नव्हती. शाल-श्रीफळ झालं आणि बाई वाचायला उभ्या राहिल्या. सुरुवातीला त्यांचा आवाज वर्गातला होता. मग हळूहळू तो खाली आला.

"मी पहिलीत असताना मला ताप आला," त्या वाचत होत्या. "आत्याने मला उचललं आणि चालत दवाखान्यात नेलं. वाटेत ती मला धीर देत होती."

"ताप नाय," आत्या खुर्चीतूनच म्हणाली. "गोवर आलेली तिला. आंगभर."

मांडव हसला. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी आत्याला गप्प राहायची खूण केली. पण आत्याचं लक्षच नव्हतं, ती भाचीकडे बघत होती. माझ्या हातच्या इतक्या मानपत्रांत, ज्याचं मानपत्र त्याने मधेच बोलून दुरुस्ती सांगितली, असं एकदाही झालं नव्हतं. लोक मान खाली घालून ऐकायचे आणि टाळ्या झाल्या की नमस्कार करायचे. ते त्यांच्याबद्दल आहे असं त्यांना कधी वाटलं असेल का, हा प्रश्न मला त्या मांडवात पहिल्यांदा पडला आणि फार टोचला.

बाई थांबल्या होत्या. कागद हातात होता, पण अक्षरं दिसत नसावीत. पुढचं वाक्य होतं, 'आत्या, मी तुला हे कधी बोलले नाही.' तेवढंच त्या वाचेनात. कुणीतरी पाणी आणायला उठलं.

आत्याने पदर सावरला आणि जरा पुढे झुकली.

"वाच बाय पुढं," ती म्हणाली. "आयकतंय मी."